मळक्याचं वजन, धुतल्याचं वजन: हॉटेलला दिलेल्या प्रस्तावाच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२५, सोमवार

दुपारी परचेसच्या साहेबांचा फोन आला. चार हॉटेलांचा गट आहे: अंधेरी, विलेपार्ले, दादर आणि फोर्ट, मिळून २०८ खोल्या. सध्याच्या लाँड्रीचा करार डिसेंबरअखेर संपतोय. "तुमचा दर आणि थोडी माहिती पाठवा, पत्र मराठीत चालेल, मोठे मालक स्वतः वाचतात," एवढंच बोलले आणि फोन ठेवला.

आमची साकीनाक्याची लाँड्री आजवर गेस्टहाऊस, दोन जिम आणि एका हॉस्टेलच्या कामावर चाललीय. एवढं मोठं काम पहिल्यांदाच दारात आलंय. संध्याकाळी बसून मी पत्र लिहून टाकलं. साठ किलोचे दोन वॉशर, चादरी दाबून इस्त्री करणारं वाफेवरचं कॅलेंडर मशीन, सॉफ्टनर, अनुभवी माणसं, वेळेवर डिलिव्हरी, सगळं त्यात घातलं. रात्री कोजागिरीच्या दुधाचा पेला हातात घेऊन बाबांनी ते गच्चीवरच वाचलं. वाचून म्हणाले, "यात आपलं सगळं आहे. त्यांचं काय आहे?" मग पुढे एकच विचारलं, "त्यांच्याकडे दिवसाला किती किलो निघतं, ते तुला माहीत आहे का?"

मला माहीत नव्हतं. पत्र बाजूला ठेवलं.

८ ऑक्टोबर, बुधवार

अंधेरीच्या हॉटेलात गेले. परचेसच्या साहेबांना भेटून झाल्यावर हाऊसकीपिंगच्या मॅडमना पाच मिनिटं भेटू द्याल का, असं विचारलं. पाच मिनिटांचे दीड तास झाले. दर परचेस ठरवतं, पण लाँड्रीचा त्रास रोज सोसतं ते हाऊसकीपिंग. प्रस्तावाला लागणारी माहिती सगळी तिथेच असते.

मॅडमनी मला मागच्या जिन्याखालची लिननची, म्हणजे चादरी-टॉवेलांची, खोली दाखवली. फळ्या अर्ध्या रिकाम्या होत्या. हिशोबाने एका खोलीमागे प्रत्येक वस्तूचे निदान तीन संच हवेत, एक पलंगावर, एक धुवायला, एक फळीवर. लाँड्री बाहेर असेल तर चौथाही हवा, कारण टेम्पो अडकला तर दिवस तिथेच जातो. या हॉटेलात बेडशीटचे जेमतेम अडीच संच आहेत. गाडी दुपारी तीनला आली की दोन वाजता चेक-इनला आलेला पाहुणा लॉबीत बसून राहतो. "ओरडा मी खाते, लाँड्रीवाला नाही," मॅडम म्हणाल्या. त्या हे अगदी शांतपणे म्हणाल्या, म्हणूनच ते माझ्या मनात राहिलं.

मग चलान पाहिलं. दर ३८ रुपये किलो, आणि वजन मळक्या लिननचं, हॉटेलच्या मागच्या दाराशी केलेलं. मी दोनदा वाचलं. न्हाणीतून काढलेला टॉवेल ओला असतो, बाथमॅट तर ठिबकत असते. त्या पाण्याचेही ३८ रुपये किलो लागत होते. यात फसवणूक म्हणावी असं काही नाही, बरेच जण असाच हिशोब ठेवतात. पण आम्ही धुऊन वाळवलेल्या मालाचं वजन धरतो. आमचा दर तसाच लिहून पाठवला तर शेजारी ठेवल्यावर तो महागच दिसणार.

९ ऑक्टोबर, गुरुवार

मॅडमनी धुऊन आलेलं एक पिलो कव्हर कालच हातात दिलं होतं. "हे डाग कशाचे, सांगा." कव्हरच्या मधोमध फिकट पिवळे पट्टे होते, कडेला नव्हते. तव्यावर पोळी किंचित लागते तसा रंग. वास काहीच नव्हता.

घरी आणून वॉशिंगवरच्या काकांना दाखवलं. त्यांनी कव्हरचा कोपरा पाण्याने ओला केला आणि फिनॉल्फ्थॅलिनचा एक थेंब टाकला. थेंब पसरला आणि गुलाबी झाला. शेजारी आमच्या फळीवरच्या चादरीवर तसाच थेंब टाकला, तो बिनरंगाचाच राहिला. काका म्हणाले, "खळाळणं कमी पडलंय."

साबणाची पावडर अल्कलीयुक्त असते. ती कापडातून निघावी म्हणून शेवटी दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने खळाळावं लागतं आणि अखेरच्या पाण्यात सौम्य आम्ल घालून उरलेली अल्कली मारावी लागते. पाणी वाचवायला किंवा वेळ वाचवायला एक खळाळणं गाळलं की अल्कली कापडात राहते, आणि १७० अंशांच्या आसपास तापलेल्या कॅलेंडरखाली गेली की कापड पिवळं पडतं. फिनॉल्फ्थॅलिन साधारण ८.२ पीएचच्या वर गुलाबी होतं, त्यामुळे थेंब रंगला म्हणजे बरीच अल्कली उरलीय. रंगला नाही म्हणून सगळं ठीक असं मात्र नाही. थोडी उरलेली अल्कली या थेंबाला दिसत नाही. त्यासाठी पीएच पट्टी लावावी लागते, आम्ही ती रोज पहिल्या घाण्याला लावतो.

हे पत्रात घालावं अशी मला फार इच्छा झाली होती. बाबांनी स्पष्ट नाही म्हटलं: "दुसऱ्याच्या घाण्याबद्दल आपण लिहायचं नाही. आपण काय करतो ते लिही, आणि त्यांना स्वतः तपासता येईल असं काहीतरी दे." बरोबर आहे. आता पत्रात एक वाक्य आहे: रोजच्या पहिल्या घाण्याची पीएच नोंद चलानासोबत येईल, आणि थेंबाची बाटली आम्ही मॅडमच्या टेबलावर ठेवू.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

मॅडमनी तीन दिवस मोजू दिलं. हॉटेलचाच वजनकाटा वापरला. मळकं लिनन बाहेर जाताना बोचक्यांना सुतळीची खूण बांधली, तेच बोचकं धुऊन आल्यावर चलानावरचे नग जुळवले आणि पुन्हा त्याच काट्यावर ठेवलं.

पहिल्या दिवशी ११८ किलो मळकं गेलं, १०१ किलो धुतलेलं आलं. दुसऱ्या दिवशी १२४ किलोचे १०८ झाले. तिसऱ्या दिवशी ९७ किलोचे ८५. म्हणजे तीन दिवसांत ३३९ किलो गेलं आणि २९४ किलो आलं. ४५ किलोंचा फरक. त्यात मुख्यतः पाणी, थोडा मळ आणि धुताना सुटलेले धागे.

आता पैसे. त्यांच्या दराने ३३९ किलोंचे १२,८८२ रुपये होतात. आम्ही ४४ रुपये दर धरतोय, तो २९४ किलोंवर लावला तर १२,९३६ रुपये. तीन दिवसांत ५४ रुपयांचा फरक, आणि तोही आमच्या बाजूने महाग. एकेका दिवसाचं पाहिलं तर पहिल्या दिवशी आम्ही ४० रुपयांनी स्वस्त पडलो, दुसऱ्या दिवशी ४० रुपयांनी महाग, तिसऱ्या दिवशी ५४ रुपयांनी महाग.

मला आधी वाटलं होतं की हिशोब मांडला की आम्ही सरळ स्वस्त ठरू. तसं झालं नाही. पण जे निघालं ते कामाचं आहे: ३८ आणि ४४ हे दोन आकडे कागदावर सहा रुपयांनी लांब दिसतात, प्रत्यक्षात जवळजवळ एकच आहेत. पत्रात नेमकं हेच लिहायचं ठरवलं. "आम्ही स्वस्त आहोत" हे वाक्य खोडलं. त्याजागी आलेला परिच्छेद असा:

"आपण सध्या मळक्या लिननच्या वजनावर ३८ रुपये देता. आमचा दर धुऊन वाळलेल्या वजनावर ४४ रुपये आहे. आपल्या अंधेरीच्या हॉटेलात ११ ते १३ ऑक्टोबरला आपल्याच काट्यावर केलेल्या वजनावरून दोन्ही दरांत तीन दिवसांचा खर्च जवळपास सारखा येतो. वजनाचा तक्ता सोबत जोडला आहे. तीन दिवस हा थोडा काळ आहे, पावसाळ्यात मळक्याचं वजन वाढेल. आम्ही वाळलेल्या वजनावर दर लावत असल्याने ती वाढ आपल्या बिलात येणार नाही."

लिहिलेलं खरं असलं की पुढे बोलताना अडखळायला होत नाही. हा परिच्छेद मी एका बैठकीत लिहिला.

१५ ऑक्टोबर, बुधवार

जीएसटीवर आमच्या सीएंशी बोलले. आधी मी दराखाली "अधिक कर" एवढंच लिहिलं होतं.

२२ सप्टेंबरपासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोल्यांवर जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, पण इनपुट टॅक्स क्रेडिटशिवाय. लाँड्रीच्या सेवेवर १८ टक्के आहे. या गटाच्या सगळ्या खोल्या ७,५०० च्या आत आहेत. म्हणजे आमच्या बिलावरचा १८ टक्के कर त्यांना पूर्वी खोल्यांवरच्या करातून वळता करून घेता यायचा, आता तो सरळ त्यांच्या खिशातून जातो. ४४ रुपये त्यांच्यासाठी ५१ रुपये ९२ पैसे आहेत. सध्याचे ३८ रुपयेही तसेच ४४ रुपये ८४ पैसे आहेत, फक्त ते मळक्यावर.

दर करासह लिहिला. परचेसच्या साहेबांना हे ठाऊक असणार, पण मोठ्या मालकांपुढे पहिल्या वर्षी ४४ चा आकडा जाऊन बिलावर ५२ दिसले तर आपला शब्द गेला. सीएंनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला आधी सुचली नव्हती: हॉटेलला आता बाहेरच्या प्रत्येक सेवेचा कर खर्च म्हणून बसतो, म्हणून स्वतःचं धुलाई मशीन बसवण्याचा विचार त्यांच्याकडे सुरू असेलच. कामगारांच्या पगारावर जीएसटी नसतो. आमची खरी स्पर्धा दुसऱ्या लाँड्रीशी कमी आणि त्यांच्या तळघरातल्या रिकाम्या जागेशी जास्त असू शकते.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आज बाबांशी वाद झाला. पत्रात चारही हॉटेलं घ्यावीत असं माझं मत, तीनच घ्यावीत असं त्यांचं.

त्यांनी वहीच्या मागच्या पानावर हिशोब केला. साठ किलोच्या ड्रममध्ये आपण पन्नास किलोच भरतो, कारण ठासून भरलं की कापड आपटत नाही आणि मळ सुटत नाही. एक घाणा सव्वा तासाचा. दहा तासांत आठ घाणे, दोन मशीनचे मिळून ८०० किलो. सध्याचं काम ३०० किलो. उरले ५००. चार हॉटेलं ७५ टक्के भरलेली असताना आपल्या मोजणीवरून दिवसाला साधारण ४०० किलो धुतलेलं निघेल, ते बसतं. पण नाताळात सगळी हॉटेलं भरली की साडेपाचशेच्या घरात जाईल. "मग काय करशील? ड्रम ठासून भरशील. आणि मग टॉवेल राखाडी पडतील."

मी रात्रपाळीचं सुचवलं. ते म्हणाले, रात्रपाळीला आपल्याकडे माणूस नाही आणि पत्र लिहिल्यावर माणूस शोधायचा नसतो. पत्रात लिहिलं: "तिसरा वॉशर येईपर्यंत आम्ही आपली तीन हॉटेलं घेऊ शकतो. फोर्टचं हॉटेल त्यानंतर घेऊ." कमी मागणारा प्रस्ताव पाहून मालक दुसरीकडे वळतील अशी मला भीती वाटते. तरीही बाबांचा आकडा खोडून काढता आला नाही, म्हणून वाक्य राहिलं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

हरवलेल्या नगांचं कलम. यावर पूर्ण दिवस गेला आणि तो जायलाच हवा होता.

दोन वर्षांपूर्वी एका ग्राहकाला आम्ही लिहून दिलं होतं, "हरवलेल्या लिननची भरपाई दिली जाईल." बस्स, एवढंच. मोजायचं कुणी, कुठे, कधी, काही नाही. वर्षअखेरीस त्यांनी ६१ टॉवेल कमी आहेत म्हणून बिल अडवलं. आमच्या चलानांवर ते टॉवेल आलेच नव्हते, त्यांच्या वहीत गेले होते. दोघांपैकी कुणीही खोटं बोलत नव्हतं. मळकं लिनन कुणालाच हाताळायला नको असतं, म्हणून रूम बॉय अंदाजे आकडा लिहितात आणि आमचा टेम्पोवाला सही करतो. ग्राहक गेला.

काकांनी आज आणखी एक गोष्ट करून दाखवली. धुऊन आलेलं एक ड्युव्हे कव्हर, म्हणजे रजईची खोळ, त्यांनी उलटं केलं, आतल्या कोपऱ्यात हात घातला आणि गोळा झालेली दोन पिलो कव्हरं आणि एक नॅपकिन बाहेर काढला. ड्रममध्ये लहान कापड मोठ्याच्या तोंडातून आत शिरतं आणि कोपऱ्यात जाऊन बसतं. आपण कॅलेंडरवर घालण्याआधी झटकतो म्हणून सापडतं, पण एखादं घडीतच राहून हॉटेलला जातं आणि तिथे पलंगावर उलगडलं की दोन दिवसांनी सापडतं. म्हणून रोजच्या रोज "कमी" धरून पैसे कापले तर निम्मे हिशोब चुकीचे ठरतील.

कलम असं झालं: मळके नग हॉटेलच्या दाराशी दोन्हीकडच्या माणसांनी मिळून मोजायचे. मोठ्या वस्तू एकेक, नॅपकिन आणि हँड टॉवेल दहा-दहाच्या जुड्यांनी. तीन प्रतींचं चलान. फरक दिसला तर २४ तासांत कळवायचा, पण जमाखर्च महिन्याच्या शेवटी एकदाच, सापडलेले नग वजा करून. भरपाई एक वर्षाच्या आतल्या कापडाला पूर्ण किंमत, त्याहून जुन्याला निम्मी.

डागांचंही एक वाक्य टाकलं, कारण लग्नसराई जवळ आलीय. मेंदी, केसांचा रंग आणि जुना गंज पूर्ण जाईलच असं आम्ही लिहून देत नाही. हळदीचा डाग साबणाच्या पाण्यात लाल होतो ते पाहून घाबरू नये, तो पुढे उतरतो. डाग असलेल्या नगाला रूम बॉयने कोपऱ्यात गाठ मारावी, म्हणजे तो वेगळा काढून आधी भिजवता येतो. सगळ्यांबरोबर धुऊन कॅलेंडरखाली गेला की डाग पक्का झाला.

१८ ऑक्टोबर, शनिवार

धनत्रयोदशी. पत्र दुपारी दिलं, हाताने. पावणेदोन पानं आणि मागे वजनाचा तक्ता.

मशीनची माहिती शेवटच्या परिच्छेदात चार ओळींत गेली. पहिली ओळ आता अशी आहे: "आपल्या अंधेरीच्या हॉटेलात चेक-इन दोन वाजता आहे. आमची गाडी रोज सकाळी अकराच्या आत धुतलेलं लिनन उतरवेल." त्याखाली पावसाळ्याचं कलम. यंदा १९ ऑगस्टला मुंबईत पाणी भरलं त्या दिवशी आमचा टेम्पो कुर्ल्याच्या पुढे जाऊ शकला नाही, हे मी पत्रात स्पष्ट लिहिलंय. म्हणून जून ते सप्टेंबर प्रत्येक हॉटेलात एक दिवसाचा जादा संच फळीवर असावा, असं सुचवलंय. तो संच हॉटेलला विकत घ्यावा लागेल. लाँड्री कितीही चांगली असली तरी अडीच संचांवर पावसाळा निघणार नाही, आणि हे आज सांगितलेलं बरं.

२९ ऑक्टोबर, बुधवार

बैठक झाली. मोठे मालक सत्तरीचे आहेत. त्यांनी पत्रावर पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. पहिला प्रश्न वजनाच्या तक्त्यावर: "तिसऱ्या दिवशी तुम्ही आमच्यापेक्षा ५४ रुपये महाग आहात, हे तुम्हीच लिहून दिलंत?" मी हो म्हटलं. त्यांनी पान उलटलं.

दुसरा प्रश्न तीन हॉटेलांवर. तिसरा वॉशर कधी? मी मार्च म्हटलं, कर्ज मंजूर झालं तर. परचेसच्या साहेबांनी दर ४२ करायला सांगितलं. बाबा म्हणाले, ४२ ला एक खळाळणं कमी करावं लागेल. मॅडम त्या क्षणी बोलल्या, "ते नको." ४४ राहिला. बदल्यात देयकाची मुदत ३० दिवसांऐवजी ४५ केली. ते आम्हाला जड जाणार आहे, पण झेपेल.

अंधेरीच्या एका हॉटेलात ३० दिवसांची चाचणी ठरली. सध्याच्या लाँड्रीला नोटीस त्यांनी द्यायची, चाचणीचा निकाल लागल्यावर.

४ नोव्हेंबर, मंगळवार

चाचणीची पहिली गाडी. काल संध्याकाळी सातला दाराशी मोजून उचललं, २१७ नग. आज सकाळी दहा पन्नासला उतरवलं. धुतलेलं वजन ९४ किलो. २१५ नग भरले, दोन पिलो कव्हरं कमी.

मॅडमनी चलानावर "२ कमी" लिहून सही केली. दुपारी दीडला त्यांचा फोन आला. ३०४ नंबरच्या खोलीत ड्युव्हे कव्हर घालताना दोन्ही आत सापडली. मी वहीत २१७ केलं. काकांना सांगितलं की कॅलेंडरवर घालण्याआधी ड्युव्हे कव्हर एकदा उलटं करून झटका. ते म्हणाले, त्याला एक माणूस जास्त लागेल. आज रात्री बाबांशी त्यावर बोलायचंय.